आईच्या फोनला झेपेल तेवढंच

माझ्या टेबलाच्या खणात घडी घातलेला एक कागद आहे. २०२३ साली मी तो केला. त्यावर चार ॲपची नावं आहेत: झूम, गूगल मीट, स्काइप आणि व्हॉट्सॲप. पुढे तीन रकाने आखलेले आहेत: तासाला डेटा किती जातो, वापरायला सोपं किती, आणि एका कॉलमध्ये माणसं किती बसतात. प्रत्येक रकान्यात मी गुण दिले, बेरीज केली आणि झूमला पहिला नंबर दिला. मग घरच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं की दर रविवारी रात्री आठ वाजता सगळ्यांनी झूमवर भेटायचं.

ताईने तेव्हाच विचारलं होतं, "व्हॉट्सॲप सगळ्यांना येतं, मग हे कशाला?" मी तिला तो कागद वाचून दाखवला. ती गप्प बसली. तिला पटलं नव्हतं, वाद घालायचा नव्हता इतकंच. पुढची दीड-दोन वर्षं मी माझं म्हणणं रेटत राहिलो. आज माझं मत बदललेलं आहे. ते कशाकशाने बदललं, ते जमेल तितकं नेमकं लिहून ठेवायचं आहे, कारण तोच कागद मी ऑफिसातल्या दोघातिघांना आणि एका मावसभावालाही दिला होता.

आधी आमच्याकडचे फोन सांगतो. आई गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी असते. तिचा फोन २०१७ सालचा, दोन जीबी रॅम आणि सोळा जीबी जागा असलेला. मामा फोंड्याला, त्याचा फोन आईच्या फोनपेक्षा वर्षभराने नवा, पण बॅटरी थकलेली. काका डोंबिवलीला, त्यांच्याकडे मुलाने वापरून दिलेला आयफोन ६. आत्या चिपळूणला, तिचा बटणांचा साधा फोन. ताई नागपूरला, धाकटा भाऊ नाशिकला, मी पुण्यात, आणि ताईची मुलगी शिकायला म्युनिकला. आमच्या चौघांचे फोन बरे आहेत. म्हणजे कॉलवर येऊन जाऊन आठ माणसं, आणि त्यातले चार फोन जुने.

हे वाचतानाच कागदातली पहिली चूक कळेल. शेवटच्या रकान्यात मी झूमला आणि मीटला शंभर माणसांचे पूर्ण गुण दिले आणि व्हॉट्सॲपला बत्तीस माणसांचे कमी. आम्ही आठ. घरातलं एक लग्न ठरलं त्या रात्री जास्तीत जास्त अकरा झालो होतो. व्हॉट्सॲपवर २०१८ साली चारच जण एकत्र बोलू शकत, एप्रिल २०२० मध्ये ते आठ झाले आणि २०२२ साली बत्तीस. माझ्या डोक्यात टाळेबंदीच्या सुरुवातीचे ते चार आणि आठचे आकडे इतके पक्के बसले होते, की बत्तीस झाल्यावरही ते ॲप मला लहानच वाटत राहिलं. शिवाय झूमवर फुकट खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा असते आणि मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की साठ मिनिटांची. व्हॉट्सॲपवर अशी वेळेची मर्यादा नाही. माझ्या कागदात वेळेचा रकानाच नव्हता.

पण खरी चूक माणसं मोजण्यात नव्हती. किती माणसं *बसतात* हे मी पाहिलं. सर्वांत अशक्त फोन किती चेहरे एकावेळी *उलगडू* शकतो, ते पाहिलं नाही.

ग्रुप कॉल कसा चालतो ते सांगतो. प्रत्येक फोन आपलं चित्र आणि आवाज दाबून लहान करतो आणि कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर ती सगळी चित्रं एकत्र करून एकच चित्र करत नाही. तो प्रत्येकाचा प्रवाह जसाच्या तसा बाकीच्यांकडे पुढे ढकलतो. म्हणजे आईच्या फोनला स्वतःचं एक चित्र सतत दाबून वर पाठवायचं असतं आणि त्याच वेळी, आत्या सोडून, सहा वेगवेगळी चित्रं घेऊन, ती उलगडून, शेजारी शेजारी मांडायची असतात. व्हिडिओ उलगडायला फोनच्या चिपमध्ये वेगळी सोय असते, पण जुन्या चिपमध्ये ती एकावेळी थोडेच प्रवाह हाताळते. बाकीचं काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. तो तापतो आणि तापला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा वेग कमी करतो. मग चित्र अडखळतं, तोंड हलतं एकीकडे आणि शब्द येतात दुसरीकडे.

आमच्याकडे दर रविवारी साधारण बाराव्या-पंधराव्या मिनिटाला हेच व्हायचं. आई म्हणायची, "सगळे थिजलेत." मी म्हणायचो, "तुझं नेट गेलं." तिला मी दोनदा घराबाहेर अंगणात जाऊन बसायला लावलं, एकदा तर पावसात. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण नेट आणि फोन यांतला दोष कुणाचा हे ओळखायला सोपी खूण आहे. आवाजही तुटत असेल, शब्द अर्धे येत असतील, तर बहुधा नेट. आवाज नितळ येतोय, चित्र मात्र थिजलंय आणि फोनची पाठ हाताला गरम लागतेय, तर बहुधा फोन. खात्री करायची असेल तर जुन्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून शेजारी ठेवलेल्या नव्या फोनवरून तोच कॉल लावायचा. सिम तेच, रेंज तीच, जागा तीच. तिथे नीट चाललं तर नेटला बोल लावण्यात अर्थ नाही. गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा मी हे करून पाहिलं. माझ्या फोनवर आईच्याच सिमवरून सगळे चेहरे व्यवस्थित दिसत होते. तिला पावसात बसवल्याची आठवण त्या क्षणी आली आणि अजून येते.

दुसरा रकाना डेटाचा. इथे मी अधिक विश्वासाने चुकलो, कारण हातात आकडे होते.

हिशोब असा करतात. एकास एक व्हिडिओ कॉलला झूम चांगल्या चित्रासाठी सेकंदाला सहाशे किलोबिट धरतं, तेवढेच जाताना आणि तेवढेच येताना. सहाशेला ३६०० सेकंदांनी गुणून आठने भागलं, की तासाला २७० एमबी होतात. पण हे एका दिशेचं. जाणारं आणि येणारं दोन्ही पॅकमधूनच वजा होतं, म्हणून तासाला ५४० एमबी. सुरुवातीला मी फक्त येणारा आकडा धरला होता. आपण पाठवतो त्याचाही डेटा कापला जातो हे ग्रुपवर कुणाच्याच लक्षात नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. नुसत्या आवाजाला मात्र झूमवर सेकंदाला साठ ते ऐंशी किलोबिट लागतात, म्हणजे व्हिडिओच्या साडेसात ते दहा पटींनी कमी.

मग मी मोजायला बसलो. एका रविवारी झूम, पुढच्या रविवारी मीट, तिसऱ्या रविवारी व्हॉट्सॲप. फोनच्या डेटा वापराच्या पानावर प्रत्येक ॲपने किती घेतलं ते दिसतं. व्हॉट्सॲपमध्ये तर सोय आणखी चांगली आहे: Settings मध्ये Storage and data, त्यात Network usage. तिथे Calls समोर किती गेलं आणि किती आलं हे वेगवेगळं दिसतं, आणि खाली Reset statistics दाबून मोजणी शून्यावर आणता येते. चाळीस मिनिटांच्या कॉलला आईच्या फोनवर झूमचे साधारण साडेतीनशे एमबी लागले, मीटचे थोडे जास्त, व्हॉट्सॲपचे दीडशेच्या जरा पुढे. व्हॉट्सॲप निम्म्याहून कमी घेतंय हे पाहून मी ताईला लगेच फोन केला. म्हटलं, डेटाच्या बाबतीत तुझं बरोबर निघालं.

तेही चूकच होतं. पहिल्या दोन रविवारी आत्या सोडून सातही जण कॅमेरा लावून बसले होते. तिसऱ्या रविवारी मामा आलाच नाही, काकांना यायला जमलं नाही आणि भाचीने ट्राममधून कॅमेरा बंद ठेवून बोलून घेतलं. म्हणजे आईच्या फोनवर सहाऐवजी तीनच चित्रं येत होती. त्यात व्हॉट्सॲपमध्ये मी Use less data for calls चालू करून ठेवलं होतं. मी ॲपची तुलना करतोय असं समजत होतो, आणि मोजत होतो चेहरे.

नंतर मी चौघांचेच कॉल लावून पाहिले, तेच चौघं, कॅमेरे चालू, वीस-वीस मिनिटं. मीटच्या सेटिंगमध्ये Limit data usage आहे, ते चालू केलं. झूमवर ज्याचा आवाज त्याचंच चित्र मोठं दिसणारा पडदा ठेवला, चौकटींचा पडदा बंद. व्हॉट्सॲप तरीही कमीच राहिलं, पण मघाचं निम्म्याहून जास्त अंतर आता चौथाईच्या आसपास आलं. एका फोनवरच्या तीन मोजण्यांवरून मी याहून मोठा दावा करणार नाही. पण एवढं मात्र मला पक्कं कळलं, की कोणतं ॲप यापेक्षा किती कॅमेरे चालू आहेत आणि चित्र किती बारकाईचं मागवलंय, यावर डेटा जास्त ठरतो. आठ कॅमेऱ्यांचं काटकसरी ॲप चार कॅमेऱ्यांच्या उधळ्या ॲपपेक्षा महाग पडू शकतं.

आणि इतकं मोजूनही आईच्या कॉलचं मूळ दुखणं मला सापडलं नव्हतं. ते मला ताईने नाही, आईनेच सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. तिचा पॅक रोज दीड जीबीचा. दुपारी जेवण झालं की ती मोबाइलवर मालिकांचे राहिलेले भाग बघते, संध्याकाळी कीर्तनं ऐकते, म्हणजे बघते. आठ वाजेपर्यंत दीड जीबी संपत आलेला असतो. संपला की नेट बंद पडत नाही, वेग सेकंदाला चौसष्ट किलोबिटवर येतो आणि रात्री बाराला पुन्हा पूर्ववत होतो. चौसष्ट किलोबिटमध्ये सहाशेचं चित्र मावणं शक्यच नाही. त्यात मावतो तो फक्त आवाज, तोही काठोकाठ. म्हणजे काही रविवारी पंधराव्या मिनिटाला थिजायचं ते फोन तापल्याने, आणि काही रविवारी पहिल्याच मिनिटाला थिजायचं ते पॅक संपल्याने. मला दोन्ही सारखीच दिसायची. आम्ही कॉल सकाळी साडेदहाला घेऊन पाहिला, आणि पहिल्या मिनिटाचं थिजणं त्या दिवसापासून गेलं. म्युनिकला तेव्हा सकाळचे सात, हिवाळ्यात सहा. भाची कुरकुरली, मग महिन्यातून दोनच रविवार यायचं तिने कबूल केलं.

मी रात्री आठची वेळ का ठरवली होती? मला सोयीची होती म्हणून.

तिसरा रकाना सोपेपणाचा. तिथे मी झूमला दहापैकी आठ दिले होते, कारण लिंक दाबली की झालं असं मला वाटत होतं. आईला लिंक दाबताना मी कधी शेजारी बसून पाहिलं नव्हतं. गणपतीत पाहिलं. ग्रुपवर माझी लिंक यायची. तिच्यावर पुढे आठ-दहा शुभेच्छांची चित्रं येऊन पडायची. ती आधी लिंक शोधायची, वर सरकवत सरकवत. सापडली की दाबायची, मग फोन विचारायचा कशात उघडू. मग ॲप उघडायचं आणि थांबायचं, दोन जीबी रॅममध्ये त्याला वेळ लागायचा, तोवर ती पुन्हा दाबायची. मग आवाज कसा हवा हा प्रश्न, Wifi or Cellular Data असं लिहिलेलं बटण. घरात वायफाय नाही म्हणून ती त्याला हात लावायची नाही, मागे जायची. चित्र दिसायचं, पण आवाज जोडलेलाच नसायचा. आम्ही सगळे ओरडायचो, "आई, माइक!" आणि ती आमचे हलते ओठ बघत बसायची.

तिला इंग्रजी येत नाही म्हणून हे झालं असं मी म्हणू शकत नाही. तिचा तर्क बरोबर होता. घरात वायफाय नाही, मग वायफाय लिहिलेलं बटण ती का दाबेल?

एका रविवारी तर ॲप नव्या आवृत्तीशिवाय उघडेना. फोनच्या सोळा जीबीतली जागा शुभ सकाळच्या चित्रांनी आणि नातवंडांच्या व्हिडिओंनी पूर्ण भरलेली, त्यामुळे नवी आवृत्ती बसेना. जागा मोकळी करून देणं हे माझं काम होतं. मी पुण्यातून फोनवर सूचना देत बसलो आणि चाळीस मिनिटं त्यातच गेली. आता मी वर्षातून तीनदा गावी जातो तेव्हा तिच्या फोनमधली किमान दोन जीबी जागा रिकामी करूनच निघतो. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करून ठेवतो, एवढ्याने बरंच भागतं.

याउलट व्हॉट्सॲपवर काय होतं? फोन वाजतो. पडद्यावर माणसाचं नाव येतं आणि ती तो उचलते. साठ वर्षांपूर्वी तिच्या माहेरी पोस्टात फोन आला तेव्हापासून फोन म्हणजे हेच, हे तिला ठाऊक आहे. तिला काही शोधावं लागत नाही. मीटमध्येही अशी सरळ वाजणारी सोय आहे, कारण गूगलचं जुनं ड्युओ २०२२ साली त्यातच मिसळलं. टाळेबंदीत आम्ही ड्युओ वापरत होतो आणि आईला ते छान जमलं होतं. मग नाव बदललं, चिन्ह बदललं. तिने मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. निळं चिन्ह दिसेना म्हणून ते आपलं गेलंच असं तिने धरलं. एकदा शिकलेली वस्तू जागेवरून हलली की म्हाताऱ्या माणसाला ती पहिल्यापासून शिकावी लागते, हे मी गुण देताना कुठेच धरलं नव्हतं. स्काइपचंही असंच. ते तर मे २०२५ मध्ये कायमचं बंद झालं, आणि मामाने त्यावर दहा वर्षं घातली होती.

मला आता वाटतं, सोपेपणा मोजायचा तर बटणं मोजू नयेत. दोन गोष्टी विचाराव्यात. कॉल त्या माणसाकडे स्वतःहून वाजत येतो का? आणि मध्येच तुटला तर परत येण्यासाठी त्या माणसाला काय करावं लागतं? व्हॉट्सॲपवर २०२१ च्या जुलैपासून चालू असलेल्या ग्रुप कॉलमध्ये Calls च्या यादीतून परत शिरता येतं. त्याआधी तुटलेल्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी पुन्हा घ्यावं लागे. आईला यादीतून शिरणं जमत नाही, पण तिला आत घ्यायचं काम नागपूरहून ताई करते.

काकांच्या आयफोनचं मात्र उत्तर सापडलेलं नाही. आयफोन ६ ला आयओएस १२ च्या पुढची आवृत्ती मिळत नाही आणि व्हॉट्सॲपला मे २०२५ पासून किमान १५.१ लागते. अँड्रॉइडवर किमान ५.० लागते, त्यात आई आणि मामा दोघेही बसतात. म्हणून ॲप निवडण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायला हवा, की घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर ते बसतं तरी का आणि पुढची दोन वर्षं बसेल का. तो रकाना माझ्या कागदात नव्हता. काकांच्या फोनवर फेसटाइम चालतं, पण आमच्यात दुसरा आयफोन फक्त भाचीकडे आहे. ते दोघं त्यावर बोलतात. बाकीच्यांसाठी काकांच्या मुलाने आता दुसरा फोन द्यायचं कबूल केलं आहे.

आत्याला आम्ही साध्या फोनच्या कॉलवर घेतो. मी एका हातात व्हॉट्सॲपचा कॉल धरतो, दुसरा फोन स्पीकरवर लावून शेजारी ठेवतो. दोघांच्यात हातभर अंतर ठेवलं नाही तर आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते. तिला चित्र दिसत नाही, पण ती सर्वांत जास्त बोलते.

आता आमची पद्धत अशी आहे. रविवारी सकाळी साडेदहाला ताई व्हॉट्सॲपवर ग्रुपचा *आवाजाचा* कॉल लावते. वीसेक मिनिटं सगळे बोलतात. फोन तापत नाही, डेटा नगण्य जातो, आलेल्या सगळ्यांचा आवाज नीट येतो. मग एकेक जण आईला वेगळा व्हिडिओ कॉल लावतो, दहा-दहा मिनिटं. एकास एक कॉलमध्ये आईच्या फोनला एकच चित्र उलगडायचं असतं आणि ते पूर्ण पडद्यावर दिसतं. कधी सगळ्यांनी एकत्र दिसायलाच हवं असेल, दिवाळीत किंवा कुणाच्या वाढदिवसाला, तर आईचा कॅमेरा चालू राहतो आणि आम्ही पाळीने आमचे लावतो, एकावेळी दोन. आधी मी नेमकं उलटं सांगत असे: आई, तुझं नेट कमी आहे, तू कॅमेरा बंद कर. तिचं चित्र पाहायला तर आम्ही सगळे जमायचो. आणि तिच्या फोनवरचा भार तिच्या एका चित्राचा कमी आणि आमच्या सहा चित्रांचा जास्त होता.

जागाही बदलली. जांभ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरात रेंज पडते, म्हणून ती आता पडवीत बसते, उजेडाकडे तोंड करून. उजेड कमी असला की कॅमेऱ्याच्या चित्रात दाणे उठतात, दाणेदार चित्र दाबून लहान होत नाही, आणि तेवढ्याच डेटात ते आणखी फुटकं दिसतं. सकाळच्या कॉलला हा प्रश्नही आपोआप सुटला.

माझ्या हातून जी चूक सर्वांत जास्त काळ होत राहिली ती सांगायची राहिली. पहिल्या वर्षी एकदा मी आईला विचारलं होतं, "सगळे एकदम दिसले, बरं वाटलं ना?" ती म्हणाली होती, "दिसले, पण कोण कोणतं ते कळेना." पाच इंची पडद्यावर चार चार चौकटी, प्रत्येकीत नखाएवढा चेहरा, आणि तिचे डोळे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. गुण द्यायला मला ते कोणत्या रकान्यात घालावं कळलं नसेल.

मागच्या रविवारी धाकट्या भावाच्या मुलीने तिला वेगळा कॉल लावला. पुढचा दात पडला होता तो तिने तोंड उघडून, कॅमेऱ्याला अगदी लावून दाखवला. आई आधी घाबरली, कारण पडदाभर नुसतं तोंड. मग हसली. दात कुठे टाकला विचारलं. पोरगी म्हणाली, जपून ठेवलाय, तुला द्यायला. आईने तिला सांगितलं, की कौलांवर टाकायचा असतो, आपल्याकडे कौलं आहेत, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. नऊ मिनिटं चाललं ते बोलणं. ताईने दुपारी मला फोन करून ते सगळं सांगितलं, आणि मी तिला म्हटलं की तो कागद आता काढून टाकतो.

"ठेव," ती म्हणाली. "मागच्या बाजूला आत्याचा नंबर आहे."